एक लॉट, चार निरोप

साहेबांना लिहिताना नम्र, बरोबरीच्याला मोकळं आणि हाताखालच्याला स्पष्ट लिहावं, हे शिकवायला कुणी लागत नाही. तरीही आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कुठल्याही युनिटमध्ये दिवसभरात जे मेल आणि व्हॉट्सॲपचे निरोप फिरतात ते एकापाठोपाठ एक वाचले, तर वेगळंच चित्र दिसतं. वर जाणारा निरोप इतका मऊ असतो की त्यात नेमकं काय घडलं तेच सापडत नाही. खाली येणारा इतका टोचरा असतो की घडलेलं सोडून बाकी सगळं लक्षात राहतं. आणि बरोबरीच्याला गेलेला निरोप बहुतेक वेळा त्याच्यासाठी नसतोच. सीसीमध्ये बसलेल्या साहेबांना दिसावा म्हणून तो लिहिलेला असतो.

मी निर्यातीच्या ऑर्डरी सांभाळते. माझा अर्धा दिवस लिहिण्यात जातो. माझं मत असं झालंय की माणूस बदलला म्हणून निरोपातली हकीकत बदलता कामा नये. बदलायचं ते एवढंच: कुठली गोष्ट आधी सांगायची, क्रियापद कसं ठेवायचं आणि वाचणाऱ्यासाठी काय मोकळं सोडायचं. साहेबांना ठरवायचं असतं, बरोबरीच्याला आपल्याबरोबर वाट काढायची असते, नव्या पोराला काहीतरी करायचं आणि शिकायचं असतं. ज्याला जे करायचं आहे ते करता यावं असा निरोप असला, की सूर बराचसा आपोआप जागेवर येतो.

एक गुरुवार सांगते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

ऑर्डर नेव्ही ब्लू बाथ टॉवेलची. 70 बाय 140 सेंटिमीटर, 450 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, 6000 नग. डाईंगमध्ये 6 लॉट, प्रत्येकी 1000 टॉवेलचं कापड. शनिवारी संध्याकाळी कंटेनर भरून निघायचा होता. सोलापूरहून न्हावा शेवा साधारण 400 किलोमीटर आणि बंदरावरची वेळ कुणासाठी थांबत नाही. सकाळी कटिंग टेबलावरच्या मामांनी चौथ्या लॉटचा ताका तिसऱ्याशेजारी उलगडला आणि हात थांबवला. शेड वेगळी होती. रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रो यंत्रावर घेतल्यावर डेल्टा ई 1.7 आला. डेल्टा ई म्हणजे मंजूर नमुन्यापासून रंग किती लांब गेला त्याचा आकडा, आणि या खरेदीदाराची मर्यादा 1.0 होती. त्या लॉटवर आदल्या दिवशी ओकेचा टॅग लागला होता. टॅग लावणारा क्वालिटीमधला नवा ट्रेनी, डिप्लोमा करून नुकताच आलेला.

पहिला निरोप मामांनाच. "मामा, चौथा लॉट कापू नका. बाजूला ठेवून वर होल्डची चिठ्ठी लावा. पाचवा घ्या." मामा पदानं माझ्या खालचे, वयानं वडिलांच्या जवळपासचे. आपल्याकडे वय आणि हुद्दा आमनेसामने आले की वय जिंकतं, निदान क्रियापदात तरी. म्हणून "कापू नका", "लावा", "घ्या". पण या निरोपात "कृपया" नाही आणि "जमलं तर" तर नाहीच नाही. चाललेली कात्री थांबवायची असते तेव्हा वाक्य आखूडच हवं. मामांचा मान "मामा" या हाकेत आणि "घ्या"मधल्या काना-मात्रेत पुरेसा ठेवलेला असतो. त्यावर आणखी थर दिले तर उलट परकेपणा येतो.

मग डाईंगच्या अण्णांना. सोलापुरात डाईंग-विणकामात घरी तेलुगू बोलणारी माणसं खूप, अण्णाही त्यातलेच. मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज. हुद्दा माझ्या बरोबरीचा. त्यांच्यावर माझा हुकूम चालत नाही, माझ्यावर त्यांचा नाही. आणि खरं सांगायचं तर तिघांत सगळ्यांत अवघड लिहिणं हेच. साहेबांपुढे नम्रतेचा आधार असतो, खाली हुद्द्याचा असतो. बरोबरीच्यापाशी दोन्ही नाहीत, फक्त गरज आहे, तीही दोघांची.

अशा वेळी हातून सहज सुटणारं वाक्य असतं: "अण्णा, तुमच्या लॉटमुळे कंटेनर अडकणार आहे. लवकर कळवा." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी, इतक्या खात्यांत पाहिलंय. त्यात तीन गोष्टी बिघडतात. "तुमच्या लॉटमुळे" म्हणताना कारण आपण ठरवूनच टाकलं, ज्या कामातलं आपल्याला कळत नाही त्याचं. "कंटेनर अडकणार" हे भविष्य, अजून काही ठरलेलं नसताना. आणि "लवकर कळवा" म्हणजे काय कळवा? माफी, की वेळ, की नवा लॉट? असा निरोप मिळालेला माणूस काम बाजूला ठेवून आधी स्वतःचा बचाव लिहायला बसतो. डाईंगवाला म्हणतो यार्न वेगळं होतं, यार्नवाला म्हणतो वार्पिंगला विचारा, आणि दुपार सरते.

मी लिहिलं ते असं: "अण्णा, नेव्हीचा चौथा लॉट 1.7 येतोय. तीन जागी घेतला, थंड करून. बाकीचे पाच आत आहेत. मला लालसर आणि थोडा फिका वाटतोय, पण ते तुम्हीच बघा. टॉपिंग करायचं ठरलं तर किती वेळ लागेल? साहेबांना 12 ला मेल टाकायचाय, त्यात वेळेचा आकडा तुमचाच घालते. कटिंग थांबवलंय, कापड ताक्यातच आहे."

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते सांगते, कारण बरोबरीच्याला लिहिण्याचा सगळा मुद्दा इथंच आहे. "तीन जागी, थंड करून" हे त्यांच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर. ड्रायरमधून नुकतं निघालेलं गरम कापड वेगळी शेड दाखवतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून मोजणी नीट केली आहे एवढं आधीच सांगितलं की शंकेला जागा राहत नाही. "तुम्हीच बघा" हे तोंडदेखलं नाही. मला दिसलं ते मी सांगितलं आणि कारण शोधणं ज्याचं काम त्याच्याकडे ठेवलं. "12 ला मेल टाकायचाय" हे सांगणं मी सगळ्यांत महत्त्वाचं मानते. वर काय जाणार आहे ते बरोबरीच्याला आपल्याकडून आधी कळावं. साहेबांच्या फोनवरून कळलं तर ती चुगली ठरते, मग मेलमधली भाषा कितीही गोड असो. आणि "आकडा तुमचाच घालते" म्हटल्यावर माणूस आकडा विचार करून देतो. कागदावर त्याच्या नावानं जाणार असतो ना.

कापड ताक्यातच असल्याचं सांगणं तर त्यांच्यासाठी सुटकेचा श्वास होता. टॉपिंग म्हणजे त्याच कापडावर पुन्हा थोडा रंग चढवून शेड जुळवणं. टॉवेल एकदा कापून कडा शिवल्या की ती वाट बंद होते. कापूस रंग घेतो, पण आमच्याकडे शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो आणि सुती कापडाचा रिॲक्टिव्ह रंग त्याला चढत नाही.

अण्णांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. टॉपिंगला दीड दिवस. आणि त्याखाली न विचारता एक ओळ: "त्या दिवशी बोअर आटलं म्हणून टँकर घेतला होता, पाणी जड असणार." सोलापुरात पाण्याचं दुखणं घराघरात ठाऊक आहे, कारखाने त्यातून कसे सुटतील? जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रंगाला नीट बसू देत नाहीत, शेड फिकी पडते, टोन सरकतो. टँकर आला की पाण्याचा जडपणा तपासून मगच घ्यायचा, सॉफ्टनरमधून काढायचा किंवा क्षार बांधून ठेवणारं रसायन वाढवायचं, हा त्यावरचा नेम. ती ओळ मला हवीच होती, पण मागून मिळणारी नव्हती. "तुमच्या लॉटमुळे" असं लिहिलं असतं तर टँकरचा उल्लेख कुणी आपणहून केला असता का?

आता साहेब. अशा प्रसंगी वर जाणारा मेल कसा असतो, ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे: "आदरणीय सर, सविनय कळविण्यात येते की, सदर ऑर्डरच्या शेडमध्ये काही प्रमाणात फरक आढळून आलेला असून त्यामुळे डिस्पॅचमध्ये विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही नम्र विनंती."

सरकारी कागदांवर वाढलेली ही भाषा आहे. आदर तिच्यात ओसंडून वाहतो. पण साहेबांनी ती वाचून करायचं काय? काही प्रमाणात म्हणजे किती? कुणाला आढळलं, कधी? विलंब होणार की नाही? आणि "योग्य ते मार्गदर्शन" म्हणजे सगळा गुंता जसाच्या तसा उचलून त्यांच्या टेबलावर ठेवणं. सगळ्यांत जास्त माहिती लिहिणाऱ्याकडे असताना त्यानं स्वतःचं मतच दिलेलं नाही. मला हा आदर वाटत नाही. साहेबांना मग तीन फोन करावे लागतात, आणि ते फोन करताना त्यांचा सूर चढलेला असतो तेव्हा आपण म्हणतो, साहेब फार तापट आहेत.

माझा मेल असा होता. विषयाच्या ओळीतच: "नेव्ही ब्लू, चौथा लॉट शेडबाहेर, आज 1 वाजेपर्यंत निर्णय हवा." पुढे:

"साहेब, 6000 पैकी 1000 टॉवेलचा चौथा लॉट मंजूर शेडपेक्षा लालसर आणि फिका आला आहे. डेल्टा ई 1.7, मर्यादा 1.0. बाकीचे पाच लॉट मर्यादेत आहेत. कापड अजून कापलेलं नाही, कटिंग थांबवलं आहे. टॉपिंगला दीड दिवस लागेल असं डाईंगनं सांगितलं आहे. पुढे कटिंग, शिलाई, पॅकिंग धरता हा लॉट शनिवारच्या कंटेनरला मिळणार नाही. टँकरच्या जड पाण्यामुळे हे झालं असावं असा डाईंगचा अंदाज आहे, तपासणी चालू आहे.

माझं मत असं की 5000 शनिवारी पाठवावेत, 1000 पुढच्या कंटेनरनं, आणि खरेदीदाराला आजच तसं विचारावं. शेडचा तुकडा पाठवून आहे तशी मंजुरी मागणं हा दुसरा मार्ग आहे. पण शेजारी ठेवल्यावर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, म्हणून मला तो बरा वाटत नाही. त्यांचं ऑफिस आपल्या दुपारी उघडतं. तुम्ही 1 पर्यंत सांगितलंत, तर मेल त्यांच्या सकाळी पोचेल."

वाईट बातमी पहिल्या ओळीत देणं उद्धटपणाचं वाटतं अनेकांना. पण साहेब हा मेल बहुधा फोनवर, दोन मीटिंगांच्या मधे, अर्धा वाचणार असतात. पहिल्या दोन ओळींत घडलेलं आणि हवं असलेलं आलं तर अर्धा वाचूनही ते निर्णय घेऊ शकतात. वेळेची मुदत वरिष्ठाला घालून देणं हेही असंच अवघड वाटतं. मुदत कारणासकट दिली की ती हुकूम वाटत नाही. "1 पर्यंत कळवावे" एवढंच लिहिलं असतं तर ते बोचलं असतं. खरेदीदाराचं ऑफिस दुपारी उघडतं हे सांगितल्यावर मुदत माझी राहिली नाही, घड्याळाची झाली. आणि मत देताना "पाठवावेत", "विचारावं" ही क्रियापदं माझ्या मदतीला येतात. त्यांच्यात सुचवणं आहे, ठरवणं समोरच्याकडे राहतं. वरिष्ठाला लिहिताना मराठीत एवढी सोय आहे, तर "नम्र विनंती"चे हार कशाला घालायचे?

एका गोष्टीकडे मात्र मी फार कडक नजरेनं बघते. वर लिहिताना आपल्या वाक्यांतून कर्ता गायब होतो. "आढळून आले", "विलंब झाला", "राहून गेले". तोच प्रसंग खाली सांगताना कर्ता पहिल्या शब्दात उभा राहतो: "तू टॅग लावलास", "तू बघितलं नव्हतंस का??" दोन प्रश्नचिन्हांसकट. एकाच घटनेची वर एक हकीकत आणि खाली दुसरी. हा नुसता सुराचा फरक म्हणता येणार नाही, इथं गोष्टच बदललेली असते. मी माझे निरोप एका कसोटीला लावते. मामांचा, अण्णांचा, साहेबांचा आणि ट्रेनीचा निरोप चौघांनी एकमेकांचे वाचले तर कुणाला नवीन काही कळेल का, कुणाला फसवल्यासारखं वाटेल का? स्क्रीनशॉटच्या दिवसांत ते एकमेकांचे वाचतातच. साहेबांच्या मेलमध्ये ट्रेनीचा उल्लेख नाही, आणि तो मी मुद्दाम ठेवला नाही. झाकून नाही, तर त्या निर्णयाला त्याची गरज नव्हती म्हणून. साहेबांनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं: टॅग चुकीचा लागला, तपासणी कुठल्या उजेडात झाली ते बघतेय.

उजेडाचंच निघालं. पोरानं शेड लाइट बॉक्समध्ये न बघता खात्यातल्या ट्यूबलाइटखाली बघितली होती. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, आणि नेव्ही, काळा असले गडद रंग तर फारच फसवतात. म्हणून लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या उजेडासारखा डी-65 दिवा असतो आणि मंजुरी त्याच्याखाली द्यायची असते.

त्याला लिहिलेला निरोप त्याच्या एकट्याच्या फोनवर गेला, ग्रुपवर नाही. "उद्यापासून सर्वांनी शेड लाइट बॉक्समध्येच तपासावी" असं ग्रुपवर टाकणं म्हणजे नाव न घेता बोट दाखवणं. कारखान्यात कुणाविषयी आहे ते चहाच्या टपरीपर्यंत पोचलेलं असतं. मी लिहिलं: "चौथ्या लॉटला तू ओके दिलंस, तो 1.7 निघाला. कापायच्या आत सापडला, त्यामुळे टॉपिंग करता येईल. ट्यूबखाली नेव्ही जुळल्यासारखाच दिसतो, तो फरक तिथं सहज दिसत नाही. म्हणून शेड बघायची ती लाइट बॉक्समध्ये, डी-65 लावून, कापड थंड आणि कोरडं झाल्यावर. आज 3 वाजता तिसऱ्या आणि चौथ्या लॉटचे तुकडे घेऊन ये, दोन्ही उजेडात बघू. तोवर पाचवा आणि सहावा लॉट पुन्हा तपास आणि आकडे मला पाठव."

"तू ओके दिलंस" हे मी लिहिलं, कारण ते खरं आहे आणि त्याला माहीत आहे. ते टाळलं तर तो दिवसभर धास्तावत बसेल, हिला कळलंय की नाही. पण पुढच्याच वाक्यात नुकसान किती ते सांगितलं, आणि मग कारण. नव्या माणसाला कारणाशिवाय नियम दिला तर तो नेव्हीपुरता पाळेल आणि मरूनला पुन्हा ट्यूबखाली जाईल. "तपास", "पाठव", "ये" ही साधी आज्ञार्थी रूपं आहेत. "तपासशील का?" असं मी लिहिलं नाही. जे काम करायचंच आहे ते विनंतीच्या रूपात गेलं, तर ऐच्छिक आहे की काय असं नव्या पोराला खरंच वाटू शकतं, आणि न झाल्यावर आपण त्याच्यावर चिडायला मोकळे होतो. हे अन्यायाचं आहे. "तपासशील का" हे मी खरोखर निवड असेल तिथंच वापरते, म्हणजे रविवारी येण्यासाठी, किंवा दुसऱ्याच्या वाटचं काम मागताना.

आणि त्याला "तू" म्हणावं की "तुम्ही"? मी "तू" म्हणते, पण तो "ताई" म्हणायला लागल्यावर. पहिल्या आठवड्यात "तुम्ही"च होतं. ज्या "तू"ला उलट "ताई" मिळते तो जवळचा, ज्याला नुसतं "मॅडम" मिळतं तो वरून आलेला. ती हाक ऐकून मी माझं सर्वनाम ठरवते. काही मुलं वर्षभर "मॅडम"च म्हणतात, त्यांना मीही "तुम्ही"च म्हणते आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

5000 टॉवेल शनिवारी गेले. खरेदीदारानं उरलेल्या 1000 साठी पुढचा कंटेनर मान्य केला. टॉपिंगनंतर लॉट 0.8 वर आला. टँकर आला की पाण्याचा जडपणा वहीत लिहायचा, हे अण्णांनी स्वतःच सुरू केलं.

एक गोष्ट मला अजून नीट जमवता येत नाही, ती म्हणजे बरोबरीचा माणूस वर जातो तेव्हा. माझ्याबरोबर पॅकिंगपासून सुरुवात केलेली मैत्रीण आता आमच्या सेक्शनची प्रमुख आहे. डब्यातली शेंगा चटणी अजून अर्धी अर्धी होते, फोनवर "अगं" चालूच आहे. पण मेलमध्ये मी तिला "तुम्ही" लिहिते, कारण तो मेल तिच्या हाताखालची माझ्यासारखी आणखी माणसं वाचतात, आणि माझ्या "तू"मुळे त्यांच्या मनात तिची खुर्ची हलते. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, परकी केलीस. मी तिला सांगितलं की मेल तुझ्या खुर्चीला जातो, फोन तुला. ती अजून मानत नाही, आणि मी अजून "तुम्ही"च लिहितेय.